भोकाचा फोटो

घरच्या बागेच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर काल मला ताकीद मिळाली. गुन्हा काय, तर एका बाईंना ‘मनापासून धन्यवाद, ताई’ म्हणालो. ‘नियम सात वाचा. आभार, नमस्कार, जोडलेले हात चालणार नाहीत,’ असं ॲडमिनने सगळ्यांदेखत सुनावलं. लहानपणी पाहुण्यांनी गोळी दिली की आई दंडाला चिमटा काढून ‘थँक्यू म्हण’ सांगायची. त्या चिमट्यांची भरपाई आता कोणाकडे मागायची?

ग्रुपवर गेलो कढीपत्त्यापायी. पानं पिवळी पडत होती. पहिलीच पोस्ट, म्हणून स्थळाला पाठवायच्या माहितीसारखी सगळी कुंडली मांडली: बारा इंची कुंडी, पूर्वेची गॅलरी, सकाळचं चार तास ऊन, पाणी बोअरचं, शेणखत घातलेलं. फोटो तीन. झाड, वरचं पान, खालचं पान.

पहिलं उत्तर आलं ते डीपीला जास्वंद लावलेल्या गृहस्थांचं.

‘कुंडीला भोक आहे?’

‘हो काका, आहे. विचारल्याबद्दल आभार!’ (तेव्हा नियम सात माहीत नव्हता.)

‘किती?’

‘चार.’

‘बघितलीत?’

‘घेताना बघितली होती.’

‘घेताना सगळेच बघतात. आता बघा.’

मी कुंडी कलती केली. बायको दारातून म्हणाली, ‘काय शोधताय?’ मी म्हणालो, ‘भोक.’ ती काही न बोलता आत गेली.

‘काका, मोकळी आहेत.’

‘फोटो टाका.’

आता कुंडी एका हाताने कलती धरून दुसऱ्या हाताने तिच्या बुडाचा फोटो काढायचा, ही कसरत कुणी करून बघावी. माती पायजम्यावर आली. फोटो अंधारा आला. ‘फ्लॅश लावा,’ काका म्हणाले. फ्लॅश लावून पाठवला. अर्धा तास शांतता. मग काका: ‘भोकं ठीक आहेत.’ बस्स! पानांबद्दल चकार शब्द नाही. पुढे कळलं, काका सगळ्यांना हेच विचारतात. कुणाच्या गुलाबाला कळ्या येत नव्हत्या, तिथेही ‘भोक?’ पाणी साचून मुळं कुजली तरी पानं पिवळी पडतात, हे मान्य. पण तेव्हा झाड मरगळतं, मातीला आंबूस वास येतो. माझं झाड ताठ उभं होतं.

मग एका बाईंनी थोडक्यात निकाल लावला. ‘तिसरा फोटो बघा. खालची जुनी पानं हिरवी आहेत. पिवळी आहेत ती वरची कोवळी, आणि त्यांच्याही शिरा हिरव्या. म्हणजे लोह कमी पडतंय. नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानातलं काढून नव्याला देतं, म्हणून आधी जुनी पिवळी होतात. लोह एकदा पानात गेलं की तिथून हलत नाही. त्यामुळे उपासमार नव्या पानांची.’ आणि कारण? बोअरचं जड पाणी. त्याने माती चुनखडीसारखी होत जाते. लोह मातीत असतं, पण मुळांना ते विरघळलेलं मिळत नाही.

इतकं नीट मला शाळेतही कुणी सांगितलं नव्हतं. मग मी आभार मानू नयेत?

मधे एकाने ‘गंजके खिळे पुरा’ म्हटलं. बाईंनी त्यांनाही समजावलं: अशा मातीत गंजही विरघळत नाही, मग खिळे पुरून काय मिळणार? आंबट ताक चार दिवस बरं वाटतं, पुन्हा बोअरचं पाणी घातलं की मूळपदावर. चिलेटेड, म्हणजे मातीत विरघळलेलं राहणारं लोह घ्या, पण पाकिटावर EDDHA असलेलं; स्वस्तातलं EDTA अशा मातीत टिकत नाही. पावसाचं पाणी साठवता आलं तर उत्तम. आणि पिवळ्या पानांकडे बघत बसू नका, पुढची पालवी कशी येते ते बघा.

यावर मी ‘मनापासून धन्यवाद, ताई’ लिहिलं आणि वर सांगितलेली शोभा झाली. शिस्त असावी, माझं काही म्हणणं नाही. पण त्याच सकाळी ॲडमिनच्या मेव्हण्याने कमळावर दवबिंदू आणि खाली ‘शुभ सकाळ’ असं चित्र टाकलं होतं. ते अजून तिथेच आहे, त्यावर बदाम पडताहेत. बाईंच्या उत्तरावर मात्र एकही बदाम नाही. आता बदाम हे आभारात मोडतात की नाही, हेही एकदा नियमात घाला म्हणावं.

रात्री खासगीत निरोप आला. जास्वंद.

‘तुमच्या कढीपत्त्याला मुळाशी फुटवे दिसले. एक मिळेल का?’

‘जरूर काका, कधीही या!’

‘कुंडी मी आणतो. तुमच्याकडच्या भोकांचा भरवसा नाही.’