फोटोत काळं दिसलं म्हणून तो मळ नव्हे

‘कानाचा कॅमेरा मोबाईलला जोडा आणि बघा. काळं-पिवळं दिसलं तर मळ, तेल टाकून पिचकारीने धुवा. लाल दिसलं तर इन्फेक्शन, मेडिकलमधून ड्रॉप आणा. डॉक्टरची फी वाचवा.’ असा सल्ला देणारे हल्ली भेटतात.

गेल्या जुलैत भातलावणीच्या दिवसांत खानापूरकडचे एक मामा माझ्या कानाच्या दवाखान्यात आले. मुलाने काढलेल्या फोटोत मळकट पांढऱ्यावर काळे ठिपके होते. घरच्यांनी तीन दिवस खोबरेल टाकून कान धुतला होता. मी कानाच्या भोकासमोरचा उंचवटा दाबताच मामा कळवळले. ‘दुखतंय व्हय’ एवढंच म्हणाले. नुसता मळ असला तर दडा बसतो, कमी ऐकू येतं, पण तो उंचवटा दाबल्यावर किंवा कान ओढल्यावर असं दुखत नाही. दुखतं ते नळीच्या सुजलेल्या कातडीमुळे. मायक्रोस्कोपखाली आत भिजलेल्या वर्तमानपत्रासारखा थर होता, म्हणजे बुरशी. पावसात भिजलेला कान, त्यात काडीने खाजवणं, वर तेल-पाण्याची ओल. तिला आणखी काय हवं? सक्शनने थर काढला, बुरशीचे ड्रॉप दोन आठवडे दिले आणि कान कोरडा ठेवायला सांगितलं. नेहमीच्या अँटिबायोटिक ड्रॉपने ही बुरशी जात नाही, उलट कधीकधी वाढते.

लाल रंगाचंही तसंच. रडणाऱ्या किंवा तापलेल्या मुलाच्या कानाचा पडदा एरवीही लाल दिसतो, आणि कॅमेऱ्याचा दिवा रंग बदलतो तो वेगळाच. मधल्या कानात पू झाला की पडदा बाहेर फुगतो, धुरकट होतो, त्यावरची हाडाची रेघ दिसेनाशी होते. सपाट फोटोत हा फुगवटा सहज निसटतो. म्हणून आम्ही हलकी हवा सोडून पडदा हलतो का ते बघतो. सर्दीनंतर ताप, रात्री अचानक कान धरून रडणं, पण कान ओढला तर विशेष दुखत नाही, हे सगळं फोटोतल्या लालीपेक्षा जास्त सांगतं. आणि पुढे मळ असेल तर पडदा दिसतच नाही. अशा फोटोवरून मधल्या कानाविषयी काहीच ठरवता येत नाही.

पिचकारीची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. मुलाचं दुखणं एकाएकी थांबलं आणि कान वाहू लागला, तर बहुतेकदा पडदा फुटलेला असतो. तेव्हा आत गेलेलं पाणी थेट मधल्या कानात जातं. जेंटामायसिन किंवा निओमायसिन असलेले ड्रॉप अशा भोकातून आतल्या कानापर्यंत पोचले, तर ऐकू येणं कायमचं कमी होऊ शकतं. भोक आहे की नाही हे मेडिकलवाला कसं सांगणार?

फोटो डॉक्टरांना जरूर दाखवा. पण घरातल्या साखरेच्या रुग्णाला कान रात्री झोपू देत नसेल आणि ड्रॉपनेही उतार पडत नसेल, तर फोटो काढत बसू नका. अशा वेळी संसर्ग कवटीच्या हाडात शिरलेला असू शकतो. तोंड एका बाजूला वाकडं झालं तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या.