मिसळलेले केस मागितले, पट्टे दिले

साडेचार हजार रुपये मोजले, पावणेचार तास मान अवघडून बसले, आणि घरी आले तर सासूबाईंनी दारातच विचारलं, "अगं, डोक्याला काय करून आलीस? पट्टे पट्टे दिसतायत." त्या ऐंशीच्या घरात आहेत, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. त्यांना दारातून दिसलं. जिनं माझ्या डोक्यावर उभं राहून हे केलं, तिला मात्र शेवटचा ब्लो ड्राय करतानाही दिसलं नाही. वर आरसा मागे धरून म्हणते, "मस्त आलंय ना मॅडम?"

आधी माझी गोष्ट ऐका, म्हणजे राग का येतोय ते कळेल. चौदा वर्षं दर वीस दिवसांनी मी काळा डाय लावत होते. मग ठरवलं, बास. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतात. खांद्यापर्यंतचे केस ठेवून जुना डाय पूर्ण कापून जाईपर्यंत मला वीस महिने लागले. वीस महिने अर्धे पांढरे, अर्धे काळे केस घेऊन लग्नांना गेले, हळदीकुंकवाला गेले, गड्ड्याच्या यात्रेत ओळखीच्या प्रत्येक बाईचं "अगं, आजारी होतीस का?" ऐकून घेतलं. सगळं सोसलं, कारण मला माझे खरे केस हवे होते.

खरे केस आले तेव्हा दिसलं की ते सगळीकडे सारखे नाहीत. कुणाचेच नसतात. माझे कपाळावर आणि कानशिलांवर जवळजवळ पूर्ण पांढरे, टाळूवर निम्मे-निम्मे, मानेकडे अजून काळेच. त्यामुळे समोरून पाहिलं की चेहऱ्याभोवती पांढरी पट्टी बांधल्यासारखं दिसायचं. तेवढंच मला मवाळ करायचं होतं. लोलाइट्स त्यासाठीच असतात. पांढऱ्या केसांत थोड्या बारीक बटा गडद करायच्या, म्हणजे पांढरं आणि काळं यांच्यात एक मधली पायरी तयार होते आणि नजर एका रंगावरून दुसऱ्यावर अडखळत नाही. मी पार्लरमध्ये हे अक्षरशः याच शब्दांत सांगितलं. फोटो दाखवला. म्हटलं, "पांढरे लपवायचे नाहीत, मिसळायचेत." तिनं मान डोलावली. नक्की कशाला डोलावली, देव जाणे.

आमच्याकडे सासऱ्यांच्या वेळेपासून माग होते. मी सून म्हणून आले तेव्हा ताण्याचे धागे मोजायला शिकले. एक धागा पांढरा, एक काळा, असा ताणा लावला तर चार हातांवरून कापड राखाडी दिसतं. वीस पांढरे आणि वीस काळे लावले की पट्टा पडतो. सूत तेच, रंग तोच, निम्मं-निम्मं प्रमाणही तेच. फरक फक्त किती धागे एकत्र घेतले याचा. सोलापुरातल्या कुठल्याही कारखान्यातला पोरगा हे सांगेल. आणि रंग लावण्याचा कोर्स केलेली, भिंतीवर सर्टिफिकेट टांगलेली बाई मला बोटभर जाडीच्या बटा रंगवून देते!

होय, बोटभर. मी आरशात बघत होते. टेल कोंबच्या टोकानं तिनं केसांचा एक जाड थर उचलला, खाली फॉइल सरकवलं आणि तो अख्खा थर मुळापासून टोकापर्यंत रंगानं माखला. एक, दोन, तीन, असे बारा फॉइल. सगळे भांगाला समांतर, आणि पहिला तर बरोबर भांगाच्या रेषेवर. खरं तर थर कागदासारखा पातळ घ्यायचा असतो. मग कोंबचं टोक त्यातून धावदोऱ्यासारखं खालीवर न्यायचं, म्हणजे काही केस फॉइलवर येतात आणि काही खाली सुटतात. याला विणकाम घालणं म्हणतात. सुटलेले पांढरे केस रंगलेल्या केसांच्या आजूबाजूला पडले, तरच मिसळ होते. अख्खा थर रंगवला की मध्ये पांढरं उरतच नाही. मग पट्टा पडणार नाही तर काय होणार?

मी विचारलं, "जरा जाड होत नाहीये का?" उत्तर आलं, "मॅडम, बारीक घेतलं तर दिसणारच नाही." अगं बाई, दिसू नये म्हणूनच तर आलेय ना मी!

आता रंगाचं. ट्यूबवर आकडे असतात. 1 म्हणजे काळा, 3 गडद तपकिरी, 5 हलका तपकिरी, आणि 10 पर्यंत फिकट होत जातात. माझे मानेकडचे खरे केस साधारण 3 आहेत. समोरच्या पांढऱ्याला त्या काळ्याशी जोडायचं तर मध्ये 5 किंवा 6 लागतो. तिनं वापरला 1. कारण काय, तर "तुमचे ओरिजिनल काळेच आहेत ना." काळे आहेत ते मानेकडे. समोर मूळचा काळेपणा उरलेलाच नाही. पांढऱ्या केसांत स्वतःचा रंग नसतो, त्यामुळे ट्यूबमधला रंग जसाच्या तसा दिसतो, शाईसारखा, निळसर आणि सपाट. माझ्या खऱ्या केसांहूनही काळा. शुद्ध पांढऱ्याला लागून शाई. दारातून दिसणारच.

आणि तो रंग पक्का. ट्यूबमधला परमनंट, सोबत 20 व्हॉल्यूमचा डेव्हलपर, म्हणजे सहा टक्के पेरॉक्साइड, पस्तीस मिनिटं. पूर्ण पांढरे झाकायचे असतात तेव्हाची ही पद्धत आहे. मला झाकायचे नव्हतेच. लोलाइट्सला डेमी-परमनंट रंग पुरतो, 10 व्हॉल्यूम किंवा त्याहून कमी डेव्हलपरसोबत. तो पांढऱ्यावर थोडा पारदर्शक बसतो, चमक राहू देतो, आणि धुण्यागणिक हळूहळू उतरतो. दीड-दोन महिन्यांत फिका होतो, हे त्याचं दुखणं आहे, परत करावं लागतं. पण उतरतो तेव्हा रेषा न दाखवता उतरतो. परमनंट उतरत नाही, फक्त वाढत खाली जातो. म्हणजे आता माझ्या मुळाशी पांढरं येणार आणि त्याखाली बारा काळ्या पट्ट्या लोंबणार. ज्या रेषेपासून सुटायला मी वीस महिने घालवले, ती एका दुपारी परत डोक्यावर आणून ठेवली.

तक्रार करायला दुसऱ्या दिवशी गेले, तर मालकीणबाई म्हणाल्या, "तुमच्याकडे बोअरचं पाणी असेल, त्यानं होतं असं." हे ऐकून माझं डोकंच फिरलं. हो, आहे आमच्याकडे बोअर. नळाला रोज पाणी येत नाही, ते कुणाला नवीन आहे सोलापुरात? जड पाण्यानं पांढरे केस पिवळट पडतात, रुक्ष होतात, हे मलाही माहीत आहे. पण पाणी सगळ्या डोक्यावरून वाहतं. ते दर दोन बोटांवर मोजून काळी रेघ ओढत नाही. आणि रंगल्यानंतर मी केस धुतलेही नव्हते! पैसे परत देणं सोडाच, चूक झाली एवढंही तोंडातून निघालं नाही.

नणंदेनं मग जुळे सोलापुरात घरीच काम करणाऱ्या एका बाईंकडे नेलं. त्यांनी आधी खिडकीपाशी उभं केलं, भांग इकडून तिकडे पाडून पाहिला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "भांग रोज कुठे पाडता?" पार्लरमध्ये हे कुणी विचारलं नव्हतं. भांगाच्या दोन्ही बाजूंचा वरचा पातळ थर तसाच पांढरा सोडायचा असतो, रंगलेल्या बटा त्याखालून डोकावतात. कपाळाच्या कडेचे बारीक केसही सोडायचे. फॉइल तिरके आणि एकाखाली एक न येता, विटांच्या भिंतीसारखे सरकवून लावायचे. माझ्या मागच्या बाजूला तर हातच लावायची गरज नव्हती, कारण तिथे मिसळायला पांढरं फारसं नाहीच. समोर आणि दोन्ही कानशिलांवर 5 आणि 6 नंबरच्या रंगाचे बारीक विणलेले फॉइल पुरले असते, दोन्ही न्यूट्रल छटेत. नुसती अ‍ॅश छटा पांढऱ्यावर हिरवट-राखाडी पडू शकते आणि सोनेरी लालसर दिसते, म्हणून न्यूट्रल. आणि निम्म्याहून जास्त पांढरं तसंच ठेवायचं.

मी म्हटलं, मग आत्ता करा की. त्या म्हणाल्या, "ताई, काळ्यावर हलका रंग चढत नाही. रंगानं रंग निघत नाही." काढायचा तर आधी ब्लीच. त्यांनी कानामागची एकच बारीक बट घेऊन करून दाखवलं. अर्ध्या तासानं फॉइल उघडलं, तर ती बट नारिंगी. पिकल्या पपईसारखी. बोटांत धरली तर झाडूच्या काडीसारखी राठ लागत होती. "अशा बारा पट्ट्यांत बारीक विणून ब्लीच करू शकते, वर टोनर मारू शकते, पण केसांचं वाटोळं होईल. मी नाही करणार." पैसेही घेतले नाहीत. त्यांनी जे अर्ध्या तासात एका बटेवर तपासलं, ते पहिल्या बाईनं माझ्या अख्ख्या डोक्यावर तपासलं. रंगाआधी एक बट करून बघणं, दोन दिवस आधी कानामागे रंगाचा ठिपका लावून खाज येते का पाहणं, यातलं काहीही तिनं केलं नव्हतं. पुळ्या उठल्या नाहीत, हे माझं नशीब.

भाच्याचं लग्न याच पट्ट्यांसह पार पडलं. फोटोत मी सगळीकडे पदर डोक्यावर घेतलेली आहे. मी! जी पांढरे केस दाखवायला लाजत नाही म्हणून घरादाराशी भांडली होती.

आणि परवा त्याच पार्लरचा फोन. "मॅडम, महिना झाला, टच-अप ड्यू आहे. एकदा ग्लोबल ब्लॅक करून टाकू का? सगळं एकसारखं होईल, पट्टे झाकले जातील. तुम्हाला अडीच हजारात करून देऊ."

मी फोन ठेवला आणि पट्टी घेऊन आरशासमोर उभी राहिले. भांगाशी पांढरं एक सेंटीमीटरच्या जरा पुढे आलंय. त्याखाली बाराच्या बारा पट्ट्या तशाच, एकही छटा फिकी न पडलेल्या.