शहाण्णवचा टॉवेल अठ्ठ्याऐंशीला

व्हॉट्सॲपवर कारखानदारांच्या गटांत फिरणारा मजकूर: "नग जेवढ्याला पडतो त्याच्या खाली विकलात तर प्रत्येक नगावर तोटा. मशीन रिकामं असलं तरी चालेल, अशा भावात हप्ता आणि भाडं कोण भरणार? आणि एकदा भाव पाडला की बाजारात तोच भाव होतो."

तीन वाक्यं आहेत. पहिलं चूक, दुसरं उलटं, तिसरं बरंचसं खरं.

सोलापूरचा एक टेरी टॉवेलचा कारखाना घ्या. आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून मी बसवलेत. महिन्याला 30,000 टॉवेल विणण्याची ताकद, खप 20,000. एका टॉवेलला सूत 50 रुपये, रंगाई 12, विणाई-शिलाईची नगावरची मजुरी 9, विजेची युनिटं 3, पॅकिंग 4, एकूण 78. शेडचं भाडं, बँकेचं व्याज, जॉबर आणि कारकुनाचा पगार, वीजबिलातला स्थिर आकार मिळून महिना 3,60,000. तो 20,000 टॉवेलांवर वाटला की नगाला 18. म्हणून मालक म्हणतो, "शहाण्णवला पडतो." विकतो 105 ला. महिन्याचा नफा 1,80,000.

आता एक हॉटेलवाला 6,000 टॉवेल मागतो, स्वतःचं नाव भरतकामात हवं, भाव 88. भरतकामाला 12,000, म्हणजे नगाला 2. पण सुटं पॅकिंग लागत नाही, गठ्ठे बांधून द्यायचे, तिथे 2 वाचतात. खर्च पुन्हा 78. नगाला 10 रुपये उरले, एकूण 60,000. महिन्याचा नफा 2,40,000 झाला. 'तोट्याची' ऑर्डर घेऊन!

गंमत म्हणजे 26,000 टॉवेलांवर वाटूनही तो 'पडतो' जवळजवळ 92 ला, म्हणजे कागदावर अजून तोटाच दिसतो. कारण ते अठरा रुपये टॉवेलात विणलेले नसतातच. आपण महिन्याचा हिशेब सोयीने वाटतो आणि मग त्या वाटणीलाच खर्च समजून बसतो.

हप्त्याचं उत्तर याच्यातच आहे. ऑर्डर नाकारली म्हणून शेडमालक भाडं कमी करणार नाही. रिकामा माग काहीच भरत नाही, ही ऑर्डर निदान साठ हजार तरी भरते.

पण 'रिकामं' या शब्दावर मात्र थांबायला हवं. मालकाला विचारलं की तो माग मोजतो. अडतं बहुतेक वेळा दुसरीकडेच. समजा शिलाई विभागातून महिन्याला 24,000 च टॉवेल निघतात. मग 2,000 टॉवेल कमी पडले. नेहमीच्या गिऱ्हाइकाचे थांबवले तर एकेकावर 105 वजा 78, म्हणजे 27 रुपये गेले. एकूण 54,000. साठातले उरले सहा हजार, वर जुनं गिऱ्हाईक नाराज. त्याऐवजी शिलाईला ओव्हरटाइम दिला, दर दुप्पट धरला, तर मजुरीच्या नऊ रुपयांतले शिलाईचे 4 रुपये 8 होतात. 2,000 नगांना जास्तीचे 8,000. ऑर्डर तरीही 52,000 देऊन जाते. म्हणून हो म्हणण्याआधी शिलाईच्या टेबलांमागे किती गठ्ठे अडकून पडलेत ते बघा. तिथे ढीग असेल तर माग कितीही मोकळे असोत, कारखाना मोकळा नाही.

दुसरा खड्डा उधारीचा. पैसे तीन महिन्यांनी येणार असतील तर खर्चाचे 4,68,000 अडकले. वर्षाला 12 टक्क्यांनी तीन महिन्यांचं जवळजवळ चौदा हजार व्याज. हे ऑर्डरमुळेच होतं, म्हणून ते ऑर्डरच्याच खात्यात टाकायचं.

आता बाजारभाव. हा धोका मोजता येतो आणि तो मोजल्यावर मीच सावध होतो. 60,000 भागिले 20,000, म्हणजे 3 रुपये. जुन्या गिऱ्हाइकांनी मिळून नगाला फक्त तीन रुपये पाडून मागितले तर त्या महिन्याची कमाई फिटली. आणि ऑर्डर एका महिन्याची असते, पाडलेला भाव मात्र पुढच्या महिन्यातही तसाच राहतो. म्हणून हाच माल याच भावात आपल्याच पेठेतल्या ठोक व्यापाऱ्याला मी देणार नाही. हॉटेलच्या नावाचा टॉवेल त्या दुकानांत विकायला येणं अवघड, तिथे भीती कमी.

तोच हॉटेलवाला दर महिन्याला 88 नेच मागू लागला, तर मात्र हिशेब बदलतो. कायमच्या गिऱ्हाइकाने भाड्याचा आणि मागांच्या झिजेचाही वाटा उचलायला हवा. त्यामुळे कोटेशनवर नगसंख्या, शेवटची तारीख आणि 'हा भाव या एका ऑर्डरपुरता' एवढं लिहून सही घ्या.