तळपायाची आग थांबली म्हणजे नस बरी झाली असं नसतं

“रात्री तळपायांची आग होते म्हणजे अंगात उष्णता वाढलीय, शुगरचा काही संबंध नाही. काशाच्या वाटीने तूप घासा, पाय काळे झाले की उष्णता बाहेर पडली समजा. रोज गरम पाण्यात मीठ टाकून पाय बुडवा. महिन्याभरात आग थांबते म्हणजे नस मोकळी झाली, मग डॉक्टरला पाय दाखवत बसायची गरज नाही.”

हा मेसेज आमच्या माहेरच्या ग्रुपवर आला, तिथे डायबेटिस असलेली चार माणसं आहेत आणि दोघांनी लगेच हात जोडून धन्यवाद पण दिले, म्हणून सविस्तर लिहितेय. मी बरीच वर्षं डायबेटिसच्या ओपीडीत पेशंटचे पाय तपासते.

आधी उष्णतेचं. ज्यांचे पाय रात्री जळतात त्यांच्या पायाला हात लावून बघा, बहुतेक वेळा पाय साधे लागतात, कधी कधी तर गारच. आग कातडीत नसतेच, ती नसेत असते. शुगर वर्षानुवर्षं जास्त राहिली की नसांना आणि त्या नसांना रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांना इजा होते, आणि जी नस सगळ्यात लांब ती सगळ्यात आधी बिघडते, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते, दोन्ही पायांत साधारण एकसारखी, आणि मग मोजा वर ओढावा तशी हळूहळू वर सरकते. गरम-गार आणि दुखणं कळवणाऱ्या बारीक नसा बिघडल्या की काही झालेलं नसतानाही ‘जळतंय’ असा निरोप मेंदूला जात राहतो. दिवसा कामाच्या गडबडीत लक्ष जात नाही, रात्री आडवं पडलं की तेच मोठं होतं, कित्येकांना अंगावरची चादर पायाला टेकलेली पण सहन होत नाही.

पण एकच पाय खरोखर हाताला गरम लागतोय, लाल झालाय, सुजलाय, तर ते वेगळं प्रकरण आहे, आत इन्फेक्शन असू शकतं किंवा हाडं-सांधे ढासळायला लागलेले असू शकतात, आणि दुखत नसलं तरी त्याच दिवशी जायचं. आणि हो, प्रत्येक वेळी दोष एकट्या शुगरचाच असतो असं मी म्हणत नाही. मेटफॉर्मिनची गोळी बरीच वर्षं चालू असली की काहींचं बी१२ कमी होतं आणि त्यानेही पाय जळतात, म्हणून डॉक्टरांना विचारून ती एक रक्त तपासणी करून घ्या.

काशाच्या वाटीचं फार ताणत नाही. तुपाने हळूवार चोळलं की बरं वाटतं, माझी आजीपण करायची. पण तो काळा रंग वाटीच्या धातूचा असतो, ज्याला शुगर नाही त्याच्या तळपायावर घासा, तिथेही काळंच होईल. प्रॉब्लेम असा की पाय बधिर असेल तर किती जोर लागतोय, साल निघालीय का, हे त्या माणसाला कळतच नाही, आणि बोटांच्या बेचक्यात तूप तसंच राहिलं तर तिथली कातडी ओलसर पडून फुटते.

गरम पाण्याचं आणि ‘नस मोकळी झाली’चं मात्र एकत्रच सांगावं लागेल, कारण आमच्याकडे आलेल्या एका काकांच्या बाबतीत ते एकत्रच घडलं. साठीचे, एसटीतून रिटायर झालेले, बारा-तेरा वर्षांची शुगर. दोन वर्षं रात्र रात्र पाय चोळत बसायचे, मग पुढच्या काही महिन्यांत आग आपोआप कमी होत होत थांबली. घरात सगळे खूश, उपाय लागू पडला म्हणून रोजची बादली चालूच राहिली. एका संध्याकाळी काकूंनी पाणी निवलं म्हणून वरून अजून गरम पाणी ओतलं, काका पाय बुडवून टीव्ही बघत बसले, काही जाणवलं नाही. सकाळी अंगठ्यामागच्या गादीवर मोठा फोड. तो चालता चालता फुटला तेही कळलं नाही, तिसऱ्या दिवशी काकूंना मोजा ओला दिसला, आणि आमच्याकडे आले तेव्हा नववा दिवस होता, वास यायला लागला होता.

तपासायला मी मोनोफिलामेंट घेतलं. हा पेनसारख्या दांडीला लावलेला नायलॉनचा दोरा असतो, कातडीवर टेकवून दाबला की १० ग्रॅम जोराला वाकतो. पेशंटने डोळे मिटायचे आणि जाणवलं की ‘हो’ म्हणायचं. अंगठ्यावर टेकवला, गादीवर तीन ठिकाणी टेकवला, दोन्ही पायांवर, आणि काका मलाच विचारत होते, “ताई, सुरू केलंत का?” आग थांबली होती ती नस मोकळी झाली म्हणून नाही, नस निरोप पाठवायचीच बंद झाली होती म्हणून. त्यांचं नशीब एवढं की पायाचा रक्तपुरवठा चांगला होता आणि एक्सरेत हाड ठीक होतं. मेलेली कातडी काढली, अँटिबायोटिक दिलं आणि जखमेवर भार येऊ नये म्हणून गुडघ्याखाली विशेष प्लास्टर घातलं, तरी जखम भरायला अकरा आठवडे लागले.

म्हणून आग आपोआप कमी झाली की मला उलट जास्त काळजी वाटते. शुगर सुधारल्यामुळे कमी झाली असेलही, पण ते तपासल्याशिवाय कळत नाही. गोळ्यांचंही तेच, ड्युलोक्सेटिन किंवा प्रीगॅबालिनने आग कमी होते, झोप लागते आणि ती झोप फार मोलाची असते, पण या गोळ्या नस दुरुस्त करत नाहीत. ड्युलोक्सेटिन डिप्रेशनवर पण देतात, ते नेटवर वाचून घाबरून परस्पर बंद करू नका, इथे ती नसेच्या दुखण्यासाठीच दिलेली असते.

आता ‘दाखवायची गरज नाही’चं. नसा खराब झालेल्या जवळजवळ निम्म्या लोकांना आग, मुंग्या काहीच होत नाही, त्यामुळे त्रासाची वाट बघून चालत नाही. टाइप २ असेल तर निदान झालं तेव्हापासूनच वर्षातून एकदा पाय तपासायचे, कारण शुगर कळायच्या आधी काही वर्षं ती वाढलेली असू शकते. संवेदना गेलेली असेल तर त्याहून लवकर, आणि एकदा जखम होऊन भरलेली असेल तर दर १ ते ३ महिन्यांनी. तपासणी म्हणजे तो दोरा, कंप जाणवतोय का बघायला ट्यूनिंग फोर्क, पायाच्या दोन नाड्या, आणि कातडी, नखं, भोवऱ्या बघणं. पायमोजे काढायला न लावता फक्त शुगरचा रिपोर्ट बघितला तर पाय तपासले असं होत नाही, तुम्हीच म्हणा, डॉक्टर पाय बघता का.

मधल्या काळात घरच्या घरी एक करता येतं. पेशंटने डोळे मिटायचे, दुसऱ्याने दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, अशा ६ बोटांच्या टोकांना आपलं बोट एक-दोन सेकंद अलगद टेकवायचं, दाबायचं नाही, थापटायचं नाही. २ किंवा जास्त बोटांना कळलं नाही तर संवेदना कमी झालीय असं धरून अपॉइंटमेंट घ्या. सगळं कळलं म्हणून वर्षाची तपासणी मात्र सोडू नका.

काकूंनी आता बादली माळ्यावर टाकलीय. रोज रात्री जेवणं झाली की त्या काकांचे तळपाय आणि बोटांच्या बेचक्या बघतात, आणि सकाळी काकांनी चप्पल घालायच्या आधी आतून हात फिरवतात. गेल्या महिन्यात त्यात एक टाचणी सापडली, तळातून वर आलेली, आणि आदल्या दिवशी काका तीच चप्पल घालून बाजारात जाऊन आले होते.