H3RC कुणाचं?

फिरणारा दावा: «जहाजाच्या कॉल साइनचं पहिलं अक्षर बघा, मालक कोणत्या देशाचा ते लगेच कळतं. V म्हणजे भारत. जहाज विकलं, नाव बदललं, तरी कॉल साइन तीच राहते.»

आधी मालकाचं बघू. मार्च 2021 मध्ये सुएझ कालव्यात आडवं अडकलेलं ‘एव्हर गिव्हन’ घ्या. त्याची कॉल साइन, म्हणजे रेडिओवरची ओळख, H3RC. H3 ही मालिका पनामाची. पण मालक जपानी, चालवणारी कंपनी तैवानची, रोजची देखभाल जर्मन कंपनीकडे आणि सगळे खलाशी भारतीय. यांतलं काहीही त्या चार चिन्हांत नाही. कॉल साइन देतं ते जहाज ज्या देशात नोंदलं आहे त्या देशाचं प्रशासन, म्हणजे जहाजामागे ज्याचा झेंडा असतो तो देश. मालक शोधायला कॉल साइन निरुपयोगी आहे.

आता V. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या तक्त्यात या एका अक्षरावर बरीच गर्दी आहे. VA ते VG कॅनडा, VH ते VN ऑस्ट्रेलिया, VP आणि VQ ब्रिटन, VR हाँगकाँग, तर V7 मार्शल बेटं. भारताकडे VT ते VW, AT ते AW आणि 8T ते 8Y अशा तीन पट्ट्या आहेत. म्हणजे A ने सुरू होणारी कॉल साइनही भारतीय असू शकते. मात्र AS वर थांबलात तर ते पाकिस्तान, कारण AP ते AS त्यांच्याकडे.

मग किती चिन्हं वाचायची? सर्वसाधारण नियम पहिल्या दोन चिन्हांचा. B, F, G, I, K, M, N, R, W आणि 2 यांनी सुरुवात असेल तर एकच पुरतं. उलट 3D आणि SS या मालिका दोन-दोन देशांत वाटल्या आहेत, तिथे तिसरं अक्षर पाहावंच लागतं: 3DA ते 3DM एस्वातिनी, 3DN पासून पुढे फिजी. SSA ते SSM इजिप्त, SSN पासून सुदान.

चुका मात्र बहुतेक क्रम उलटल्यामुळे होतात. वीएचएफ रेडिओवर ऐकून घाईत लिहिताना आकडा आणि अक्षर यांची अदलाबदल सहज होते, आणि उलटी जोडीही बऱ्याचदा खरीच निघते, त्यामुळे शंका येत नाही. 3E पनामा, E3 इरिट्रिया. 9H माल्टा, H9 पुन्हा पनामा. D5 लायबेरिया, 5D मोरोक्को. म्हणून «होटेल थ्री रोमिओ चार्ली» ऐकताना जसं कानावर पडतं तसं, त्याच क्रमाने लिहा. अर्थ नंतर लावा.

नीट वाचूनही एक मर्यादा उरते. तक्ता देश सांगतो, नोंदणीचं बंदर नाही. बर्म्युडा किंवा केमन बेटांत नोंदलेल्या जहाजाची ZC सारखी सुरुवात ब्रिटनच्या ZB ते ZJ या पट्टीतच येते. तिथे फरक कळतो तो एमएमएसआय, म्हणजे जहाजाच्या रेडिओ उपकरणांचा नऊ आकडी ओळख क्रमांक, त्याच्या पहिल्या तीन आकड्यांवरून: बर्म्युडा 310, केमन 319.

कॉल साइन तीच राहते हा दाव्याचा तिसरा भाग तर सरळच उलटा आहे. झेंडा बदलला की कॉल साइन आणि एमएमएसआय दोन्ही बदलतात. अलंगला तोडायला येणाऱ्या जहाजांकडे पाहा: शेवटच्या फेरीपुरती अनेकांची नोंदणी कोमोरोस, पलाऊ किंवा सेंट किट्स अँड नेव्हिसकडे जाते. म्हणजे वर्षानुवर्षं D5 किंवा V7 ने ओळखलेलं जहाज अखेरीस D6, T8 किंवा V4 घेऊन किनाऱ्याला लागतं. (या V4 मुळे पुन्हा कुणीतरी «V म्हणजे भारत» म्हणणार.) टिकून राहतो तो आयएमओ क्रमांक, म्हणजे जहाजाला एकदाच मिळणारा सात आकडी क्रमांक. तो नाव, मालक, झेंडा काहीही बदललं तरी तोच.

एआयएस, म्हणजे जहाजं आपली ओळख आणि स्थान रेडिओवरून कळवतात ती यंत्रणा, तिच्या पडद्यावर पडताळणी अशी करा. एव्हर गिव्हनचा एमएमएसआय 353136000. 353 पनामाचा, H3 ही पनामाचा, जुळलं. एमएमएसआयच्या सुरुवातीला 419, म्हणजे भारत, आणि कॉल साइन V7 ने सुरू, असं दिसलं तर दोन्हींपैकी एक जुनं आहे किंवा चुकीचं भरलं आहे. ही माहिती ट्रान्सपॉन्डरमध्ये माणूस हाताने भरतो आणि झेंडा बदलल्यावर एकच रकाना सुधारणं हा नेहमीचा घोटाळा. अशा वेळी आयएमओ क्रमांक पकडा. तोही टंकताना चुकला नाही ना ते लगेच तपासता येतं: पहिल्या सहा आकड्यांना क्रमाने 7, 6, 5, 4, 3, 2 ने गुणून बेरीज करा, बेरजेचा शेवटचा आकडा आणि क्रमांकाचा सातवा आकडा एकच यायला हवा. एव्हर गिव्हनचा 9811000:

```
9×7 + 8×6 + 1×5 + 1×4 + 0×3 + 0×2 = 120
```

शेवटी 0, क्रमांकाच्या शेवटीही 0. मग त्याच क्रमांकावर सध्याची नोंदणी पाहा, आणि कॉल साइन तिच्याशी ताडून घ्या.