चेक टाकला म्हणजे पैसे दिले नव्हेत!

"दादा, पैसे टाकलेत तुमच्या खात्यात, ही बघा पावती."

जुनी वस्तू विकायला काढलेल्या माणसाला हे वाक्य ऐकवून लुबाडणाऱ्यांची अक्षरशः चीड येते. कारण पैसे टाकलेलेच नसतात! बँकेच्या पेटीत एक कागद टाकलेला असतो. आणि तो कागद टाकल्याच्या जोरावर समोरचा माणूस चावी मागतो, आरसी मागतो, वर "तुमचा विश्वास नाही का?" असं विचारून आपल्यालाच ओशाळं करतो.

एक व्यवहार उलगडून बघा. मोटारसायकल ८५,००० रुपयांना ठरली. घेणारा शुक्रवारी संध्याकाळी खाते क्रमांक मागून घेतो, स्वतःच स्लिप भरतो, आपला चेक बँकेबाहेरच्या ड्रॉप बॉक्समध्ये टाकतो आणि स्लिपच्या फाडलेल्या तुकड्याचा फोटो पाठवतो. तो तुकडा त्याने स्वतःच्या हाताने भरला आहे आणि स्वतःच्याच हाताने फाडला आहे. बँकेतल्या एकाही माणसाने तो बघितलेला नाही. काउंटरवर दिला असता आणि शिक्का पडला असता तरी त्या शिक्क्याचा अर्थ "कागद मिळाला" एवढाच. त्याच्या खात्यात रुपया आहे की नाही, सही जुळते की नाही, यातलं काहीही त्या शिक्क्यात नाही. आणि शुक्रवार संध्याकाळच का? कारण दुसऱ्या दिवशी महिन्यातला दुसरा शनिवार आहे, नंतर रविवार. सोमवारी सकाळपर्यंत तो चेक पेटीतून क्लिअरिंगला जाणारच नाही. गाडी मात्र रविवारी दुपारी घेऊन जायची असते, "मुहूर्त आहे" म्हणून!

"चेक वटायला चार दिवस लागतात, तोवर गाडी अडवून ठेवणार का?" हा युक्तिवाद तर आता निव्वळ खोटा आहे. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेकचं क्लिअरिंग दिवसभर सलग चालतं. आपली बँक सकाळी ९ ते दुपारी ३ या वेळात चेकची स्कॅन केलेली प्रतिमा पुढे पाठवत राहते. ज्या बँकेवर चेक काढलाय तिने संध्याकाळी ७ पर्यंत हो किंवा नाही कळवायचं असतं, आणि ती गप्प बसली तर चेक मंजूर धरला जातो. म्हणजे कामाच्या दिवशी सकाळी काउंटरवर दिलेला चेक बँकेने त्याच वेळात पुढे पाठवला तर संध्याकाळपर्यंत निकाल लागतो. ज्याच्या खात्यात पैसे आहेत त्याला एक दिवस थांबायला काय हरकत आहे? ज्याला हरकत आहे, त्याचं कारण तुम्हीच ओळखा.

त्यातही अंगाची आग करणारी गोष्ट म्हणजे बँकेचा मेसेज. काही ठिकाणी चेकची नोंद झाली की रक्कम खात्याच्या एकूण शिलकेत दिसायला लागते, पण काढता येणाऱ्या शिलकेत ती अजून आलेली नसते. माणूस मोबाइलवर वाढलेला आकडा बघतो आणि चावी देऊन मोकळा होतो. एकूण शिल्लक बघू नका, "उपलब्ध शिल्लक" किती ते बघा. दोन्ही आकड्यांत बरोबर ८५,००० चा फरक असेल तर चेक वटलेला नाही. शंका असेल तर शाखेत जाऊन सरळ विचारा, "हा चेक क्लिअर झालाय की अनक्लिअर दाखवतोय?" याचं उत्तर मिळेपर्यंत गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही करायची नाही. हे दोन फॉर्म सही करून आरसीसकट दिले की गाडी त्याची. आणि त्याने ती नावावर करून घेतलीच नाही, तर अपघाताची भरपाई कागदोपत्री मालक म्हणून तुमच्या दारात येते. पैसे गेले ते वेगळेच.

चेक परत आला की दुसरा अंक सुरू. "अरे, बॅलन्स थोडा कमी पडला, परत टाका, या वेळी नक्की पास होईल." हे वाक्य तो सहज बोलून जात नाही, त्यामागे हिशेब असतो. चेकची मुदत त्यावरच्या तारखेपासून तीन महिने. मुदतीत तो पुन्हा भरता येतो, हे खरं. पण चेक हातात घेताना तारीख नीट बघितली नसेल, आणि भामट्याने दोन महिने मागची तारीख टाकलेली असेल, तर "परत टाका, परत टाका" करत तो मुदत संपवतो. एकदा ती संपली आणि चेक परत आल्याच्या शेवटच्या कागदापासून, म्हणजे रिटर्न मेमोपासून, नोटिशीचे दिवसही उलटून गेले, की चेक बाउन्सची केस करायचं कलम १३८ चं हत्यार हातातून गेलंच. वर प्रत्येक वेळी चेक परत आला की अनेक बँका आपल्याच खात्यातून चार्ज कापतात. चोर तो आणि दंड आपल्याला! याचा राग नाही यायचा तर कशाचा यायचा?

म्हणून पहिल्याच वेळी रिटर्न मेमो हातात घ्या. बँकेने सांगितलं नुसतं म्हणून समाधान मानू नका, कागद मागा. त्यावर परतीचं कारण छापलेलं असतं: खात्यात पुरेसे पैसे नाहीत, पेमेंट थांबवलं, सही जुळत नाही, खातं बंद. "मी पेमेंट थांबवलंय, म्हणजे बाउन्सची केस होत नाही" असं छातीठोकपणे सांगणारे महाभाग भेटतात. त्यांना घाबरू नका. पेमेंट थांबवलं किंवा खातं बंद केलं तरी निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं कलम १३८ लागू शकतं.

आता तारखा, कारण इथेच खरी माणसं हरतात. समजा चेक परत आल्याचं बँकेने ६ मार्चला कळवलं. तिथून ३० दिवसांत, म्हणजे ५ एप्रिलपर्यंत, लेखी नोटीस निघाली पाहिजे. नोटिशीत चेकची जेवढी रक्कम आहे तेवढीच ठळकपणे मागा. व्याज, मनस्ताप, वकिलाची फी मागायची असेल तर वेगळी लिहा, सगळं एका आकड्यात कालवू नका. नोटीस पोचपावतीसह रजिस्टर्ड पोस्टाने किंवा स्पीड पोस्टाने पाठवा. त्याला ती १२ एप्रिलला मिळाली, तर पैसे द्यायला त्याच्याकडे १५ दिवस, म्हणजे २७ एप्रिलपर्यंत. तोवर रुपया आला नाही तर २८ एप्रिलपासून एका महिन्याच्या आत न्यायालयात तक्रार दाखल करायची. संतापाच्या भरात २० एप्रिललाच दाखल केली तर ती वेळेआधीची ठरते आणि टिकत नाही. महिना उलटून गेला तर उशिराचं कारण न्यायालयाला पटवत बसावं लागतं. तक्रार आपलं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या न्यायालयात करता येते, त्याच्या गावाला खेटे घालायची गरज नाही. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आरोपीने गुन्हा नाकारला तर खटला चालू असतानाच २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देण्याचा आदेशही न्यायालय देऊ शकतं.

आणि हो, चेक कोणाच्या खात्यावरचा आहे हे वाचा! "मेव्हण्याचा चेक आहे, चालेल ना?" नाही चालणार. ही केस ज्याच्या खात्याचा चेक आहे आणि ज्याने सही केलीय त्याच्यावर होते. गाडी चालवत फिरणारा बाजूला राहतो आणि तुम्ही ज्याला कधी बघितलंही नाही त्याच्या पत्त्यावर नोटिसा पाठवत बसता. चेकवर नावात किंवा रकमेत खाडाखोड असेल तरी घेऊ नका, क्लिअरिंगमध्ये तो त्याच कारणाने परत येऊ शकतो.

"मग डीडी घ्या, डीडी कधी बाउन्स होत नाही." हे ऐकलं की तर डोकंच फिरतं. खरा डीडी बाउन्स होत नाही, कारण पैसे आधीच बँकेकडे भरलेले असतात. खोटा डीडी मात्र बिनदिक्कत परत येतो, आणि त्यावर कलम १३८ चालत नाही, कारण ते कलम चेकपुरतं आहे. मग उरते पोलिसांत फसवणुकीची आणि बनावट कागदाची तक्रार, आणि तोवर फोन बंद, माणूस गायब. सगळ्यात घातक प्रकार म्हणजे खऱ्या, छोट्या रकमेच्या डीडीवरची रक्कम बदललेली असते. असा डीडी घेऊन तुम्ही बँकेला नुसतं "हा नंबर खरा आहे का?" विचारलंत तर उत्तर "हो" येईल, कारण नंबर खरा आहेच! नंबर, तारीख, रक्कम आणि ज्याच्या नावे काढलाय ते नाव, चारही एकत्र पडताळायला सांगा. कागदावर छापलेल्या फोन नंबरवर तर अजिबात विचारू नका, तो छापणाऱ्याच्याच खिशातला असू शकतो. शाखा स्वतः शोधून काढा आणि तिथे जा.

सप्टेंबर २०१८ पासून डीडीवर तो काढणाऱ्याचं नावही छापलेलं असतं. गाडी घेणाऱ्याचं नाव एक आणि डीडीवर दुसरंच, तर तिथेच थांबा. ५०,००० आणि त्यापुढचा डीडी रोख भरून मिळतच नाही, खात्यातूनच काढावा लागतो. मग ज्याच्या खात्यात ८५,००० आहेत त्याने शाखेत तुमच्यासमोर उभं राहून डीडी काढायला काय अडचण आहे? काउंटरवरून तो थेट तुमच्या हातात पडला पाहिजे, मध्ये त्याच्या बॅगेत जायला नको.

मुळात एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास, सातही दिवस चालतं. रविवारीसुद्धा दर अर्ध्या तासाला बॅच जाते. रविवारच्या मुहूर्तावर गाडी न्यायची इतकी घाई असलेल्या माणसाला रविवारी खात्यातून पैसे पाठवता येत नाहीत, चेकच लागतो? त्याला तिथल्या तिथे एनईएफटी करायला सांगा, आणि उपलब्ध शिलकेत ८५,००० दिसेपर्यंत चावी खिशातच ठेवा.