बिफोरच्या आधी हॅड

भाचीच्या इंग्रजीच्या पेपरात कापलेला एक गुण परत मागायला मी तिच्या राजारामपुरीतल्या क्लासमध्ये गेलो. गुण मिळाला नाहीच, उलट नातवाला न्यायला आलेल्या एका आजोबांकडून व्याकरण ऐकून यावे लागले, याचा राग अजून उतरलेला नाही.

प्रश्न असा होता: ‘द बस... बिफोर वुई रीच्ड द स्टँड.’ भाचीने ‘लेफ्ट’ लिहिले होते, उत्तरसूचीत ‘हॅड लेफ्ट’ होते. ‘बाय द टाइम वुई रीच्ड’ असे असते तर मी निमूट घरी बसलो असतो, कारण तिथे ‘हॅड लेफ्ट’च हवे. ‘बिफोर’ मात्र आधी काय घडले ते स्वतःच सांगून टाकतो. मग साधा भूतकाळही चालतो आणि ‘हॅड’ने क्रम अधिक ठळक होतो, एवढेच. सरांनी उत्तरसूचीवर बोट ठेवले आणि ते मोबाइलमध्ये बुडाले.

तेवढ्यात बाकावरून आवाज आला, “सायेब, उगं डोकं लावू नका. बिफोरच्या आधी हॅड, आफ्टरच्या मागं हॅड. विषय संपला!”

मी नम्रपणे विचारले, “मिसळ संपायच्या आत वेटरने प्लेट उचलली, हे कसे सांगाल? ‘द वेटर टुक माय प्लेट बिफोर आय हॅड फिनिश्ड.’ खाणे अर्धवट राहिले हे दाखवायचे असल्यामुळे इथे हॅड बिफोरच्या मागे गेला.”

आजोबा सरसावून बसले. “कुठला वेटर? कट संपला हुता का? आणि तुमी प्लेट उचलू दिलीसा कशी?” माझ्या उदाहरणातल्या त्या काल्पनिक वेटरला त्यांनी असे काही फैलावर घेतले, की शेवटी मलाच त्याची बाजू घ्यावी लागली.

“बरं, ‘व्हेन’चे काय?” मी विषय रुळावर आणला. ‘व्हेन’ स्वतः क्रम ठरवत नाही, म्हणून खरी परीक्षा तिथेच असते. ‘व्हेन द गेस्ट्स केम, वुई एट’ म्हणजे पाहुणे आल्यावर पंगत बसली; ‘वुई हॅड ईटन’ म्हणजे ते येण्यापूर्वीच आमची जेवणे उरकली होती. पाहुण्यांच्या वाट्याला तांबडा-पांढरा येणार की नुसते पाणी, हे त्या एका ‘हॅड’वर ठरते, आणि आजोबांचे सूत्र इथे अवाक्षर काढत नाही.

“पाव्हणं यायच्या आत जेवायचंच न्हाई,” आजोबा म्हणाले, “मग हॅड लागतोय कशाला?”

यावर सर प्रथमच मोबाइलमधून वर पाहून हसले, आणि आजोबांचेच सूत्र ज्यावर ठळक अक्षरांत छापले होते ते पान त्यांनी माझ्या हातात ठेवले. त्यात ‘व्हेन’चा उल्लेखही नव्हता. फी मात्र संपूर्ण व्याकरणाची घेतात.